सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे: नवापुरात केस निवडताना

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. फलाटाचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे, उरलेला तापी जिल्ह्यात. या भागात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तुलनेचा विषय शोधावा लागत नाही, तो दारातच उभा असतो. माझ्याकडे एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी येणारी मुले बहुतेक गावित, मावची, वसावे, कोकणी घरांतली असतात. कोणाची आई उच्छलकडची, कोणाची बहीण सोनगडला दिलेली. विषय विचारला की उत्तर ठरलेले असते : “सर, पेसा कायद्याची अंमलबजावणी. आमचं गाव आणि मामाचं गाव.”

विषय चांगलाच आहे. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. एवढ्या भांडवलावर मुले कामाला लागली की चार महिन्यांनी माझ्या टेबलावर दोन गावांची दोन वर्णने येतात. अर्ध्या पानांत आपले गाव, अर्ध्या पानांत मामाचे, आणि शेवटी साम्य-भेदांची यादी. हे वाचनीय असते, पण त्याला तौलनिक केस स्टडी म्हणता येत नाही. कोणत्या कारणाने कोणता परिणाम झाला याबद्दल त्यात काहीच सिद्ध होत नाही. सीमेवरची गावे निवडून असे काही सिद्ध करायचे असेल तर काय करावे लागते, ते मी एका विद्यार्थिनीच्या कामाबरोबर चालताना सर्वांत स्पष्टपणे पाहिले. म्हणून तेच सांगतो.

तिचा पहिला प्रश्न होता, ‘पेसाची अंमलबजावणी कशी आहे?’ या प्रश्नात फरक कुठेच नाही. तुलनेला असा परिणाम हवा की जो एका ठिकाणी दिसतो आणि दुसरीकडे दिसत नाही. म्हणून आम्ही प्रश्न बदलला : वरून आलेला प्रस्ताव काही गावांची ग्रामसभा बदलून घेते, काही गावांची नुसती मंजूर करते, असे का? यातली ग्रामसभेची ताकद म्हणजे आश्रित चल, ज्याचे कारण शोधायचे ते. स्वतंत्र चल म्हणून तिच्या मनात राज्याचे नियम होते. पेसाचा केंद्रीय कायदा १९९६चा. तो अनुसूचित क्षेत्राला लागू, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच. त्याचे नियम मात्र महाराष्ट्राने २०१४ मध्ये केले आणि गुजरातने २०१७ मध्ये. महाराष्ट्राच्या नियमांत पाड्यालाही ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांमार्फत स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट आहे. शिवाय २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा थेट पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना देण्याची पद्धत सुरू झाली. तिचा अंदाज असा की नियम आणि पैसा हाती आल्याने नवापूरकडच्या ग्रामसभा बळकट झाल्या असतील.

आता गावे निवडायची. सीमेच्या दोन्ही बाजूंची जवळजवळची गावे घेण्यामागे जुना तर्क आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेली व्यतिरेक पद्धत असे सांगते की दोन प्रसंग एक गोष्ट सोडून सर्व बाबतींत सारखे असतील आणि परिणाम वेगळे असतील, तर कारण त्या एका गोष्टीत शोधावे. इथे सारखेपणा पुष्कळ आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रात आणि गुजरातेत गामीत, गावित, मावची, पाडवी ही नावे एकाच नोंदीत येतात. लग्ने सीमेपलीकडे होतात, देवमोगऱ्याच्या याहामोगीला दोन्हीकडून लोक जातात, जमीन आणि पाऊसही सारखाच. मग फरक उरतो तो राज्याचा. विद्यार्थिनी म्हणाली, “मग झालंच ना सर? माझं गाव आणि सोनगडजवळचं मामाचं गाव.”

मी तिला १९६०च्या मागे जायला सांगितले. सोनगड हे गायकवाडांचे जुने ठाणे. सोनगड-व्याऱ्याचा पट्टा बडोदा संस्थानात होता आणि संस्थान विलीन झाल्यावर १९४९ मध्ये तो मुंबई प्रांतात आला. नवापूर १८१८ नंतर थेट इंग्रजी अमलाखालच्या खानदेशात, पुढे १९०६ पासून पश्चिम खानदेश जिल्ह्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह तर त्याआधीच सुरू झाले होते. म्हणजे मामाच्या गावात आज ग्रामसभेत कोणी उभे राहून कागद वाचत असेल, तर त्यामागे गुजरात सरकार असेल किंवा शंभर वर्षांपूर्वीची बडोद्याची शाळा असेल. नवापूर आणि सोनगड यांच्यामधली रेघ एकच दिसते, पण तिच्यात दोन रेघा एकावर एक बसल्या आहेत : १९६०ची राज्यांची आणि तिच्याखाली इंग्रजी मुलूख आणि संस्थान यांची. या दोन गावांची तुलना केली तर परिणामातला फरक कोणत्या रेघेचा, हे कधीच सांगता येणार नाही. सीमेवरच्या अभ्यासांत सर्वाधिक फसगत इथे होते, आणि ती ओळखण्याची खूण सोपी आहे : हद्द आखली गेली त्याच्या आदल्या दिवशी ही दोन गावे एकाच कारभाराखाली होती का, हे विचारायचे.

या प्रश्नाचे उत्तर आमच्या तालुक्यातच सापडते. मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० याच्या पहिल्या अनुसूचीत गावांच्या नावांची यादी आहे. १ मे १९६० रोजी गुजरातेत बडोदा, सुरत असे पूर्ण जिल्हे गेले, आणि त्यांच्याबरोबर ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली नावानिशी नोंदलेली गावेही गेली. म्हणजे आजच्या गुजरातेत अशी गावे आहेत जी ३० एप्रिल १९६० पर्यंत नवापूर तालुक्यात होती. तोच मामलेदार, तेच पोलीस ठाणे, तीच खानदेशी जमीनमहसुलाची पद्धत.

ही यादी हाती आली की दोन गावांची तुलना तीन गावांची होते आणि तिचा सांगाडा उभा राहतो. पहिले गाव नवापूर तालुक्यातले : इंग्रजी खानदेश, मग महाराष्ट्र. दुसरे, १९६० मध्ये नवापुरातून गेलेले : इंग्रजी खानदेश, मग गुजरात. तिसरे सोनगडकडचे : बडोदा संस्थान, मग गुजरात. पहिले आणि दुसरे यांच्यात भूतकाळ एक आणि राज्य वेगळे. दुसरे आणि तिसरे यांच्यात राज्य एक आणि भूतकाळ वेगळा. नियमांचा प्रभाव खरा असेल तर पहिले गाव वेगळे दिसेल, आणि दुसरे-तिसरे एकमेकांसारखे. बडोद्याच्या वारशाचा असेल तर तिसरे वेगळे पडेल. अभ्यास सुरू होण्याआधी अशा दोन अपेक्षा कागदावर लिहून ठेवाव्या लागतात. नाहीतर जे सापडेल ते आपल्या अंदाजाला धरूनच आहे असे वाटू लागते.

दुसरे गाव निवडताना मात्र फार जपावे लागले. १९६० मध्ये कोणती गावे कुठे जावीत हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. भाषेचा वाद होता, आणि तापीवरच्या उकाई धरणाच्या बुडिताचा पट्टा कोणाकडे असावा हाही प्रश्न त्या वाटणीत होता. उकाई धरण १९७२ मध्ये पुरे झाले आणि त्या पाण्याखाली या भागातली पुष्कळ गावे गेली. नवापुरातून गेलेल्या गावांपैकी एखादे आज पुनर्वसन वसाहत म्हणून उभे असेल, तर त्याची ग्रामसभा दुबळी का, याचे उत्तर गुजरातच्या नियमांत शोधणे चुकीचे ठरेल. विस्थापनाने पाडे विखुरले, वतनदार आणि कारभारी बदलले, जंगलाशी नाते तुटले. हे सारे ग्रामसभेच्या ताकदीवर परिणाम करणारेच आहे. म्हणून आमच्या यादीतून बुडितातली आणि वसाहतींची गावे आधी वगळली. उरलेल्यांतून २०११च्या जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांवरून लोकसंख्या, तालुक्याच्या ठिकाणापासूनचे अंतर आणि जंगलाखालची जमीन या तीन बाबतींत पहिल्या गावाशी जुळणारे गाव घेतले. ओळखीचे, जाण्यायेण्याला सोयीचे, नातेवाइकांचे गाव घेण्याचा मोह मोठा असतो. त्या गावात तिला जेवण मिळाले असते, पण वाचकाने “हेच का?” विचारल्यावर उत्तर मिळाले नसते. प्रबंधिकेत केसनिवडीची दोन पाने असतात. त्यांत निवडलेल्या गावांइतकेच वगळलेल्या गावांविषयी लिहावे, आणि वगळण्याचे कारण परिणाम पाहण्याआधीच ठरलेले असावे.

यानंतर चलांचे काम. तिने परिणाम मोजायला पहिली पट्टी तयार केली ती अशी : ग्रामसभा कोष समिती आहे का, ५ टक्के निधीचे खाते आहे का, पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित आहे का. तिन्ही गोष्टी कागदावर तपासता येतात, म्हणून ती खूश होती. पण या तिन्ही गोष्टी महाराष्ट्राच्याच व्यवस्थेतल्या आहेत. त्या पट्टीवर गुजरातच्या गावाला शून्य मिळणार हे घरी बसूनच सांगता येते. तिथे आपण परिणाम मोजत नाही, कारणच दुसऱ्यांदा मोजतो, आणि मग दोन्ही जुळले म्हणून आनंदतो. आश्रित चलाची व्याख्या करताना स्वतंत्र चलातले एकही अंग त्यात येता कामा नये, आणि तो परिणाम दोन्ही बाजूंना घडू शकणारा असायला हवा. म्हणून आम्ही ठरवले की फक्त प्रसंग मोजायचे : वरून आलेला एखादा प्रस्ताव, मग तो विहिरीचा असो, रस्त्याचा, गौण खनिजाचा किंवा वनविभागाच्या लागवडीचा, ग्रामसभेने नाकारला, त्याची जागा बदलली किंवा त्याला अट घातली, आणि तो बदल प्रत्यक्ष कामात टिकला. हे ग्रामसेवकाच्या नोंदवहीतही शोधता येते आणि तलाटी-कम-मंत्र्याच्याही.

नोंदवही वाचणे ही वेगळी कला आहे. तिला सुरुवातीला पानेच्या पाने ठराव सापडले आणि सभा फार जागृत आहे असे वाटले. मग दोन गावांच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्यावर एकाच तारखेला, शब्दाशब्दाने सारखे ठराव दिसू लागले. असा ठराव तालुक्याहून आलेल्या मसुद्याची नक्कल असतो, तो ग्रामसभेचा परिणाम म्हणून धरता येत नाही. सह्या आणि अंगठे एकाच शाईने, एकाच रांगेत असतील तर उपस्थितीचाही भरवसा नाही. याउलट एखाद्या ठरावात खाडाखोड असते, सूचकाच्या नावानंतर ‘परंतु’ येते, विहिरीची जागा एका पाड्याऐवजी दुसऱ्या पाड्यात लिहिलेली असते. तिथे बोट ठेवावे आणि मग गावात जाऊन विचारावे की विहीर शेवटी कुठे झाली. कागदावरचा बदल आणि जमिनीवरची विहीर या दोन्ही जुळल्या तरच तो प्रसंग मोजायचा. हे काम सावकाश चालते, पण तुलनेचा सगळा भार त्यावर असतो. दोन्हीकडे पट्टी सारखी, पुरावा सारखा, आणि नकाराची व्याख्याही सारखी असावी लागते.

एवढे केल्यावरही पहिल्या गावाची ग्रामसभा बळकट आणि दुसऱ्याची दुबळी निघाली, तर नियमांमुळेच, असे म्हणता येत नाही. इथे काळ मदतीला येतो. कारण आधी घडायला हवे, परिणाम नंतर. पहिल्या गावात २०१४च्या आधीपासूनच प्रस्ताव बदलून घेण्याची सवय असेल, तर २०१४चे नियम तिचे कारण असू शकत नाहीत. त्यासाठी एक फार उपयोगी कसोटी दोन्ही राज्यांत तयार आहे. वनहक्क कायदा २००६चा, त्याचे नियम २००८चे, आणि ते केंद्राचेच, म्हणून दोन्हीकडे सारखे. त्याखाली प्रत्येक गावात वनहक्क समिती बसली, दावे तपासले, ग्रामसभेने ठराव केले. २००८ ते २०१३ या काळात पेसाचे नियम दोन्हींपैकी कुठेच नव्हते. त्या वर्षांच्या दाव्यांच्या फायली काढून पाहाव्यात : ग्रामसभेने नुसते दावे पुढे पाठवले, की फेटाळलेल्या दाव्यांवर पुन्हा ठराव केले, मोजणीच्या वेळी हजर राहिली, नकाशा मागितला? दोन्ही गावांत तेव्हाच फरक दिसत असेल, तर तो फरक पेसाच्या नियमांहून जुना आहे. तेव्हा सारखेपणा असेल आणि २०१४ नंतर वाटा फुटल्या असतील, तर नियमांच्या बाजूचे म्हणणे भक्कम होते. २०१७ नंतर गुजरातकडचे गाव पुढे सरकले का, हा तिसरा पुरावा.

या फायली वाचतानाच आमच्या समोर प्रतिस्पर्धी कारण आले. नवापूर आणि आजूबाजूच्या भागात वनजमिनीच्या प्रश्नावर सत्यशोधक शेतकरी सभा आणि सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेचे काम अनेक वर्षांचे आहे. मोर्चे, दाव्यांची तयारी, कागद वाचून दाखवणे हे सगळे संघटना करते. पहिल्या गावात संघटना असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर राज्याचा फरक आणि संघटनेचा फरक पुन्हा एकात एक मिसळतात. या वेळी सीमेपलीकडे जाऊन उपयोग नव्हता. उपाय सीमेच्या अलीकडेच होता : नवापूर तालुक्यातलेच चौथे गाव, राज्य तेच, नियम तेच, निधी तोच, पण संघटनेचे काम नसलेले. पहिल्या आणि चौथ्या गावांत फरक दिसला तर नियम पुरेसे नाहीत. दोन्ही सारखी बळकट असतील तर संघटना आवश्यक नाही. चौथे गाव जोडण्याचा निर्णय संख्या वाढवण्यासाठी घेतलेला नव्हता. पहिल्या तीन गावांवरून ज्याचे उत्तर देता येत नव्हते असा एक नेमका प्रश्न होता, त्याच्यासाठी ते आले. केस कितवी आणि कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आले नाही तर ती घेऊ नये, हा नियम मी त्या कामातून कायमचा घेतला.

राज्यशास्त्रात अशा सीमारेषेचा उपयोग करणारे एक फार चांगले उदाहरण आफ्रिकेत आहे. डॅनिएल पोझ्नर यांनी मलावी आणि झांबिया यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंची चेवा आणि तुंबुका समाजांची गावे घेतली आणि २००४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. तेच दोन समाज मलावीत राजकीय विरोधक आहेत आणि झांबियात मित्र. संस्कृतीतला फरक दोन्हीकडे तोच असल्याने वैराचे कारण संस्कृती असू शकत नाही, हे त्या निवडीनेच दाखवून दिले. मग त्यांनी कारण त्या समाजांच्या देशातल्या आकारात शोधले : मलावीत दोन्ही गट मोठे आणि राजकारणात परस्परांविरुद्ध उभे करण्याजोगे, झांबियात दोन्ही लहान आणि मोठ्या गटांपुढे एकत्र येणारे. हा लेख मी मुलांना वाचायला देतो, कारण त्यात सीमा हे उत्तर नसून ते शोधण्याची जागा आहे. ‘महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा’ असे लिहून थांबणाऱ्याने राज्याचे नाव सांगितलेले असते, कारण नाही. राज्य या शब्दाखाली नियम आहेत, पैशाची वाट आहे, अधिकाऱ्याची भाषा आहे, पक्षांची स्पर्धा आहे. त्यातले कोणते कलम काम करते, ते सांगितल्यावरच तुलना पुरी होते.

आमच्या सांगाड्यात एक घर रिकामेच राहते, आणि ते भरता येत नाही. बडोदा संस्थानातून महाराष्ट्रात आलेले गाव या पट्ट्यात मिळत नाही. त्यामुळे बडोद्याच्या शाळेचा वारसा आणि महाराष्ट्राचे नियम एकत्र आले असते तर काय झाले असते, यावर आमची चार गावे काहीच बोलू शकत नाहीत. प्रबंधिकेच्या शेवटच्या प्रकरणात हे मी तिला स्पष्ट लिहायला लावले, आणि निष्कर्षाचा आकार त्यानुसार कापायला लावला. पहिल्या मसुद्यात ‘महाराष्ट्राचे पेसा नियम गुजरातपेक्षा प्रभावी आहेत’ असे वाक्य होते. त्याच्या जागी एवढेच राहिले की १९६० पर्यंत एकाच तालुक्यात असलेल्या, बुडिताबाहेरच्या, जंगलालगतच्या गावांत ग्रामसभेने प्रस्ताव बदलून घेण्यातला फरक कधी सुरू झाला, आणि संघटनेचे गाव बाजूला काढल्यावर त्यातला किती उरतो. पहिले वाक्य अक्कलकुव्याच्या किंवा सागबाऱ्याच्या एका गावाने मोडले असते. दुसरे मोडायचे असेल तर कोणालाही आधी १९६०ची अनुसूची उघडावी लागेल, तशीच गावे शोधावी लागतील आणि त्यांच्या वह्या वाचाव्या लागतील.